बागेतून चालणारी मुलगी: आठ सेकंदांच्या शॉटसाठी प्रॉम्प्ट लिहिताना

‘एक मुलगी बागेत चालते आहे.’ व्हिडिओ तयार करणाऱ्या एखाद्या एआय साधनाला एवढंच वाक्य दिलं, तर थोड्या वेळात क्लिप समोर येते. बहुधा तिच्यात एक सडपातळ तरुणी असते, लांब झुळझुळीत पोशाखातली. कापलेली हिरवळ असते, गुलाबाचे ताटवे असतात, मावळतीचं सोनेरी ऊन असतं. मुलगी सावकाश चालते आणि चालता चालता फुलांवरून हात फिरवते. क्लिप दिसायला छान असते, पण कामाची नसते. ज्याला शॉट हवा होता त्याच्या मनात ही मुलगी नव्हती आणि ही बागही नव्हती.

असं का होतं, ते आधी पाहू. ही साधनं कोट्यवधी चित्रं, चित्रफिती आणि त्यांच्यासोबतची वर्णनं यांच्यावर शिकवलेली असतात. इंटरनेटवरच्या चित्रांखालची वर्णनं मुळात फार तोकडी असतात. छायाचित्रात दहा गोष्टी असल्या तरी खाली एकच ओळ असते, कधी तर नुसतं फाइलचं नाव. ओपनएआयने 2023 मध्ये डॅल-ई 3 हे चित्रं काढणारं मॉडेल आणलं, तेव्हा याच दुखण्यावर इलाज केला. चित्राचं सविस्तर वर्णन करणारं एक वेगळं मॉडेल त्यांनी तयार केलं आणि प्रशिक्षणातली सुमारे 95 टक्के वर्णनं त्याच्याकडून लिहून घेतली. कोण कुठे उभं आहे, मागे काय आहे, ऊन कुठून येतं आहे, रंग कोणते आहेत, असं सगळं त्या वर्णनांत होतं. 2024 मध्ये आलेल्या सोरा या व्हिडिओ मॉडेलसाठीही त्यांनी हीच रीत वापरली.

याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. लांब, नेमकी वर्णनं वाचून शिकलेल्या मॉडेलला तुमची एक ओळ अपुरी पडते. म्हणून यांतल्या काही साधनांमध्ये तुमची ओळ थेट चित्रापर्यंत जातच नाही. मध्ये एक भाषा-मॉडेल बसवलेलं असतं, ते तुमच्या ओळीचा परिच्छेद करतं आणि तो परिच्छेद पुढे पाठवतं. डॅल-ई 3 आणि सोरामध्ये हे काम जीपीटीकडे होतं. गूगलच्या व्हीओमध्येही प्रॉम्प्ट असा फुलवून घेण्याची सोय आहे. म्हणजे सविस्तर प्रॉम्प्ट कोणीतरी लिहितंच. तुम्ही लिहिला नाही, तर मुलीचं वय, बागेतली झाडं, दिवसाची वेळ, कॅमेऱ्याची जागा हे सगळे निर्णय तुमच्या नकळत दुसरीकडे होतात, आणि ते नेहमी सर्वांत सरधोपट असतात. गुलाबाचे ताटवे तिथूनच येतात.

एका ओळीचा कामाचा प्रॉम्प्ट करायचा म्हणजे हे निर्णय आपल्याकडे परत घ्यायचे. त्यासाठी पहिला प्रश्न मुलीबद्दल किंवा बागेबद्दल विचारू नये. शॉट कशासाठी हवा आहे, हे आधी विचारावं. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, एका कथेचं अभिवाचन व्हिडिओसह करायचं आहे. कथा कोकणातली आहे. मुंबईत नोकरी करणारी नात बऱ्याच वर्षांनी आजोळी आली आहे आणि सकाळी आगरात काम करणाऱ्या आजोबांना पेज घेऊन निघाली आहे. सुरुवातीचा शॉट तिचा आहे. तिला या वाटेची सवय राहिलेली नाही, हे निवेदनात कुठेच सांगितलेलं नाही. ते चित्रातून कळायला हवं. शॉटची लांबी आठ सेकंद, कारण व्हीओ 3 मध्ये एका वेळी साधारण तेवढीच क्लिप मिळते.

आता ‘मुलगी’ म्हणजे कोण, ते कथेनेच सांगितलं: तेवीस-चोवीस वर्षांची तरुणी. वय आकड्यात लिहावं, कारण ‘मुलगी’ म्हटलं तर सहा वर्षांचीही येईल आणि सव्वीस वर्षांचीही. याला व्यवहारातलं आणखी एक कारण आहे. खऱ्यासारखी दिसणारी लहान मुलं दाखवण्यावर अनेक साधनांनी बंधनं घातली आहेत आणि काही ठिकाणी मुळात फक्त प्रौढ माणसांचीच परवानगी असते. वय मोघम ठेवलं तर कधी प्रॉम्प्ट नाकारला जातो आणि कारण लवकर कळत नाही.

पोशाखाबद्दल दोनच गोष्टी ठरवू: मोहरीच्या फुलासारखा पिवळा, बिनकाठाचा सुती कुर्ता, आणि घोट्यापर्यंत दुमडलेली पांढरी सलवार. अंधाऱ्या हिरव्या आगरात पिवळा रंग लगेच उठून दिसतो आणि पुढच्या शॉटमध्येही तिला ओळखायला तोच उपयोगी पडतो. कानातले, बांगड्या, ओढणी यांचा उल्लेख मी मुद्दाम टाळेन. ओढणी उडते, खांद्यावरून घसरते, आणि चालत्या शॉटमध्ये मॉडेलला ती सांभाळणं जड जातं. मधेच ती कुर्त्यात मिसळून जाते.

बागेपाशी खरी अडचण सुरू होते. पोफळीचं आगर हवं म्हणून ‘अरेका पाम’ लिहिलं, तर बऱ्याचदा पिवळसर देठांची दाट, बुटकी झुडपं येतात. कारण साधं आहे. जगभरच्या नर्सऱ्यांमध्ये आणि दिवाणखान्यांतल्या कुंड्यांमध्ये ‘अरेका पाम’ या नावाने जे शोभेचं झाड विकलं जातं, ते मादागास्करकडचं आहे, आपली सुपारी नव्हे. त्याचे फोटो अमाप आहेत आणि पोफळीच्या आगराचे त्या मानाने थोडे. नुसतं ‘पाम’ लिहिलं तर नारळ येतात, आणि नारळांसोबत समुद्रकिनाराही हळूच येतो. नावाने काम होत नसेल तेव्हा झाड कसं दिसतं ते लिहावं लागतं: बारीक, सरळसोट, करड्या रंगाची खोडं. खोडावर अंगठीसारखे वळसे. दोन-तीन मजली घराएवढी उंची. शेंड्याच्या खाली हिरवागार, चकचकीत भाग आणि त्यावर झावळ्यांचा लहान झुपका. खोडांच्या मधून केळी, एखाद्या खोडावर चढलेला मिरीचा वेल. ज्याने आगर पाहिलं आहे त्याला हे सगळं सांगण्याची गरज वाटत नाही. मॉडेलने ते पाहिलेलं नाही असं धरून लिहिलं तरच चित्र आगराच्या जवळ जातं.

वाटेचंही तसंच. ‘पायवाट’ म्हटलं तर मातीची रुंद वाट किंवा फरसबंद रस्ता येईल. आपल्याला हवी आहे जांभ्याच्या तांबूस, सच्छिद्र चिऱ्यांची अरुंद वाट, ओली, कडेला शेवाळ धरलेली, आणि तिला लागून वाहणारा हातभर रुंदीचा पाट. गावाचं नाव लिहून यातलं काही साधत नाही. श्रीवर्धन किंवा गुहागर लिहिल्याने मॉडेल तिथल्या आगरात जात नाही. फार तर ‘भारत, समुद्र, खेडं’ एवढं उचलतं.

यानंतर क्रियापद. ‘चालते आहे’ याच्याइतका रिकामा शब्द या वाक्यात दुसरा नाही. माणूस कसा चालतो हे तो काय करायला निघाला आहे त्यावर ठरतं. आपली नात गरम पेजेने काठोकाठ भरलेला पितळी डबा घेऊन निसरड्या वाटेवरून निघाली आहे. मग तिचं चालणं आपोआप ठरतं. दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरलेला, डब्याखाली घडी केलेला पंचा, नजर पावलांकडे, पावलं आखूड. एका जागी ती थबकते, पायाने चिरा चाचपते आणि मग भार टाकते. ‘तिला वाटेची सवय राहिलेली नाही’ हे प्रॉम्प्टमध्ये लिहून उपयोग नाही, कारण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. थबकणं दिसतं. भावना लिहायचा मोह होतो: ती हळवी झाली आहे, तिला बालपण आठवतं आहे. अशा वाक्यांनी मॉडेल एक ठरावीक हसू किंवा पाणावलेले डोळे आणतं. त्यापेक्षा ती भावना अंगावर कशी दिसेल ते शोधणं, हे या सगळ्या लेखनातलं खरं काम आहे. सिनेमात पटकथा लिहिणारे नेमकं हेच काम फार आधीपासून करत आले आहेत.

त्यातच वेळेचा हिशेब येतो. असं जपून चालणारा माणूस सेकंदाला मीटरभरही पुढे जात नाही. आठ सेकंदांत फार तर पाच-सहा मीटर. ‘ती घरातून निघते, आगर ओलांडते, आजोबांना हाक मारते आणि डबा देते’ असं एका प्रॉम्प्टमध्ये लिहिलं, तर हे सगळं कोंबण्यासाठी मॉडेल एक तर तिला पळवतं किंवा मधला भाग गाळून टाकतं. चालता चालता ती एकदम दुसऱ्या ठिकाणी दिसते. आठ सेकंदांना एक मुख्य क्रिया आणि तिच्यात एक लहान बदल पुरतो. इथे चालणं ही क्रिया आणि थबकणं हा बदल. हाक आणि डबा देणं हे पुढचे शॉट.

कॅमेऱ्याचा निर्णय मला सर्वांत रोचक वाटतो, कारण तिथे सौंदर्याबरोबर मॉडेलच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. आगरातला शॉट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते बाजूने समांतर सरकणारा कॅमेरा: ट्रॉलीवर ठेवलेला, पुढून खोडं झरझर जाताहेत आणि त्यांच्या फटींतून चालणारी मुलगी दिसते आहे. खऱ्या चित्रीकरणात हा देखणा शॉट झाला असता. इथे तो धोक्याचा आहे. दर सेकंदाला एखादं खोड तिच्यासमोरून जाणार, ती क्षणभर झाकली जाणार आणि पुन्हा दिसणार. झाकलेली व्यक्ती खोडाच्या पलीकडून तशीच बाहेर यायला हवी, आणि इथेच ही साधनं अजून चुकतात. कुर्त्याची छटा बदलते, डबा एका हातात जातो, खोडांची संख्या कमीजास्त होते. म्हणून कॅमेरा वाटेवरच, तिच्यासमोर ठेवायचा. ती पुढे येते तसा कॅमेरा त्याच वेगाने मागे सरकतो. खोडं तिच्या दोन्ही बाजूंना आणि मागे राहतात, तिच्या आड एकही येत नाही. उंची तिच्या कमरेएवढी, म्हणजे डबा चौकटीच्या मध्याजवळ येतो. चौकटीत ती डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवी, कारण पाऊल चाचपणं हाच शॉटचा प्राण आहे. म्हणून क्लोज-अप नको. लेन्स 35 मिलिमीटरसारखी, थोडी रुंद, म्हणजे वाट आणि पाट दोन्ही चौकटीत येतात.

उजेडासाठी ‘सुंदर प्रकाश’ हे शब्द निरुपयोगी. आगर दाट असतं, आत सावलीच असते, ऊन झावळ्यांतून ठिपक्याठिपक्यांनी उतरतं. सकाळचे आठ, सूर्य अजून खाली, तिच्या मागून डावीकडून येणारं ऊन. उन्हाच्या तिरपा दिसायला हव्या असतील तर त्यांचं कारणही लिहावं लागतं, कारण हवा स्वच्छ असेल तर प्रकाशाचा पट्टा दिसत नाही. धूर किंवा धुकं लागतं. कोकणात सकाळी अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या चुलीचा निळसर धूर घराच्या बाजूने आगरात उतरत असतो. तो एका वाक्यात लिहिला की तिरपा येतात, आणि चौकटीबाहेर कुठेतरी घर आहे हेही कळतं.

हे सगळं मांडल्यावर प्रॉम्प्ट असा होतो:

‘चोवीस वर्षांची सावळी भारतीय तरुणी, तेल लावून घातलेली एक वेणी, मोहरीसारखा पिवळा साधा सुती कुर्ता, घोट्यापर्यंत दुमडलेली पांढरी सलवार, अनवाणी. दोन्ही हातांनी झाकणाचा गोल पितळी डबा पोटाशी धरलेला, डब्याखाली घडी केलेला पांढरा पंचा. ती तांबूस जांभ्या दगडाच्या अरुंद, ओल्या वाटेवरून कॅमेऱ्याकडे चालत येते. पावलं आखूड, नजर वाटेवर. मध्यावर ती थांबते, उजव्या पायाने पुढचा दगड चाचपते आणि मग पाऊल टाकते. दोन्ही बाजूंना बारीक, सरळ, करड्या, वळशावळशांच्या खोडांची उंच सुपारीची झाडं, शेंड्याला लहान झुपके, मधून केळी. वाटेच्या उजवीकडे पाण्याचा अरुंद पाट. सकाळचे आठ, ऊन तिच्या मागून डावीकडून, सावलीत उन्हाचे ठिपके, चुलीच्या पातळ निळ्या धुरात प्रकाशाच्या तिरपा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, तिच्यासमोर, तिच्याच वेगाने मागे सरकतो. पूर्ण आकृती चौकटीत, 35 मिमी लेन्स. आवाज: वाहतं पाणी, ओल्या दगडावर पावलं, दूरवर पक्षी. एकच सलग शॉट.’

वाचकांसाठी इथे तो मराठीत दिला आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण तो इंग्रजीत लिहितात, कारण या मॉडेलांनी पाहिलेली वर्णनं प्रामुख्याने इंग्रजी आहेत. या प्रॉम्प्टमध्ये काय नाही, तेही पाहावं. ‘अप्रतिम’, ‘सिनेमॅटिक’, ‘मास्टरपीस’ हे शब्द नाहीत, कारण त्यांनी चौकटीत नेमकं काही बदलत नाही. बदललाच तर रंग भडक होतो आणि पार्श्वभूमी धूसर होते. ‘4के’ नाही, कारण क्लिपचे पिक्सेल शब्दांनी वाढत नाहीत. रिझोल्यूशन, आडवी किंवा उभी चौकट आणि क्लिपची लांबी ही साधनाच्या सेटिंगमध्ये ठरते. ‘चप्पल नको’ असंही लिहिलेलं नाही. प्रॉम्प्टमध्ये चप्पल हा शब्द आला की पायात चप्पल येण्याची शक्यताच वाढते, म्हणून ‘अनवाणी’ लिहिलं. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तिथेही ‘नारळ नको’ न लिहिता फक्त ‘नारळ, समुद्रकिनारा, कुंड्या’ अशी नावं द्यायची.

पहिल्याच फेरीत हवं ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. क्लिप आली की ती आधी आवाज बंद करून पाहावी आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत. आठ सेकंदांत 24 च्या वेगाने 192 फ्रेम असतात, त्यामुळे हे काम काही मिनिटांचं आहे. सर्वांत आधी पाय पाहावेत. टेकलेला तळवा दगडावर स्थिर राहतो, की बर्फावरून सरकल्यासारखा पुढे जातो? पाय एकमेकांना ओलांडताना डावा-उजवा बदलत तर नाहीत ना? मग बोटं आणि डबा. बोटं पितळेत विरघळली आहेत का, थबकल्यानंतर झाकण तेच आहे का? मग पाटातलं पाणी. ते शॉटभर एकाच दिशेने वाहायला हवं. शेवटी झाडं, म्हणजे मागची खोडं कॅमेरा सरकताना जागच्या जागी आहेत का.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक क्लिपची सुरुवात एका यादृच्छिक गोंधळापासून होते आणि त्या गोंधळाला एक क्रमांक असतो, त्याला सीड म्हणतात. साधनात सीड स्थिर ठेवायची सोय असेल तर ती वापरावी. मग प्रॉम्प्टमधलं एक वाक्य बदलल्यावर चित्रात झालेला बदल त्या वाक्यामुळेच झाला, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. तीन वाक्यं एकदम बदलली तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. आपल्या शॉटमध्ये पहिली तक्रार बहुधा थबकण्याची असेल: ती थांबतच नाही, सरळ चालत राहते. तेव्हा आणखी विशेषणं घालून उपयोग नसतो. वर्णनाचा बाकी भार कमी करावा लागतो. केळी काढून टाका, वेणीचं तेल काढून टाका आणि क्रियेचं वाक्य पहिलं घ्या. लांब प्रॉम्प्टमध्ये काही तपशील हमखास गळतात, आणि जे गळलं तर शॉट फुकट जाईल ते आधी लिहिलेलं बरं. तरीही काही गोष्टी शब्दांनी साधत नाहीत. पोफळी पुन्हा पुन्हा कुंडीतल्या झुडपांसारख्या येत असतील, तर स्वतः काढलेला आगराचा एक फोटो पहिली चौकट म्हणून द्यावा आणि प्रॉम्प्टमध्ये फक्त हालचाल लिहावी. झाडांचं वर्णन मग लागत नाही.

क्लिप पसंत पडली की तिच्यासोबत चार गोष्टी लिहून ठेवायच्या: प्रॉम्प्टचा अखेरचा मसुदा जसाच्या तसा, साधनाचं नाव आणि आवृत्ती, सीड, सेटिंग. आवृत्ती महत्त्वाची आहे, कारण मॉडेल बदललं की तोच प्रॉम्प्ट आणि तोच सीड वेगळं चित्र देतो. दुसरा शॉट लिहायला घेताना या नोंदीतली तरुणीची पहिली दोन वाक्यं अक्षरही न बदलता उचलायची. ‘मोहरीसारखा पिवळा’ याच्या जागी ‘हळदी’ लिहिलं तरी कुर्ता बदलेल. जमल्यास पहिल्या क्लिपमधली चेहरा स्पष्ट दिसणारी एक फ्रेम संदर्भचित्र म्हणून जोडायची, कारण नुसत्या शब्दांवरून तोच चेहरा दुसऱ्यांदा मिळत नाही. ऊन मात्र तपासून लिहावं लागेल. आता कॅमेरा आजोबांच्या बाजूने, तिच्या पाठीमागून येणार आहे, म्हणजे मघाशी तिच्या मागून डावीकडून येणारं ऊन आता कॅमेऱ्याच्या मागून येईल, तिरपा जवळपास नाहीशा होतील आणि पाट वाटेच्या डावीकडे दिसायला लागेल.